प्रकल्प नोंदी: शेततळ्यांवरच्या लघुप्रबंधाची भाषा दुरुस्त करताना

३ फेब्रुवारी

सरांनी दुसरं प्रकरण परत दिलं. चौदा पानं. लाल शाई कुठेच नाही, पेन्सिलनं समासात एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलाय: "कोणी?" मोजलं तर अकरा वेळा. शेवटच्या पानाखाली एक ओळ: "हे तू लिहिलेलं वाटत नाही. तू माझ्याशी अशी बोलत नाहीस."

मी खरंच अशी बोलत नाही, कारण हे मी धड लिहिलेलंही नाही. वाचलेले सगळे लेख इंग्रजीतले, म्हणून टिपणंही इंग्रजीत काढली. जानेवारीत वेळ कमी होता, तेव्हा ती टिपणं भाषांतराच्या प्रोग्रॅममध्ये टाकली, निघालेल्या मराठीचं शुद्धलेखन तपासलं आणि फाइल पाठवून दिली. माहिती माझी आहे. सिन्नर तालुक्यातल्या एका गावात जाऊन तेवीस शेतकऱ्यांशी मीच बोललेय. पण वाक्यं माझी नाहीत.

सरांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ऋणनिर्देशात ते लिही. आणि आता एकदम सगळं सुधारायला बसू नकोस. एक परिच्छेद घे आणि तो पुरा कर. पुढचं काय करायचं ते त्यातूनच कळेल."

४ फेब्रुवारी

परिच्छेद निवडला. प्रकरणाच्या सुरुवातीचाच. जसा होता तसा इथे उतरवून ठेवते:

"शेततळी ही ग्रामीण भागातील जलसंधारणाच्या दृष्टीने एक महत्त्वपूर्ण भूमिका बजावतात. शेततळ्यांमध्ये पाण्याची साठवणूक केली जाते आणि त्याचा वापर शेतकऱ्यांद्वारे उन्हाळी हंगामात सिंचनासाठी केला जातो. याव्यतिरिक्त, ते शेतकऱ्यांना, जे कोरडवाहू क्षेत्रात राहतात, उच्च जलसाठवण क्षमता प्रदान करतात."

पहिली गोष्ट म्हणजे तिसऱ्या वाक्यातलं "ते". शेततळी नपुंसकलिंगी, म्हणजे "ती" हवं. शुद्धलेखन तपासताना हे दिसलं नाही, कारण "ते" हा शब्द शुद्धच आहे. चूक शब्दात नाही, मागच्या वाक्याशी असलेल्या नात्यात आहे. पण हे किरकोळ.

सरांचं "कोणी?" दुसऱ्या वाक्यापाशी होतं. म्हणून तिथे कर्ता आणला: "शेतकरी शेततळ्यांत पाणी साठवतात आणि उन्हाळ्यात ते पिकांना देतात." वाक्य सुटसुटीत झालं. रूममेटला वाचून दाखवलं. तिच्या वडिलांची निफाडला द्राक्षं आहेत. ती म्हणाली, "अगं, पण कुठलं पाणी? आमच्याकडे तर विहिरीचं भरतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, निदान फाइलमध्ये तरी नव्हतं. वही काढली. तिसऱ्याच मुलाखतीत शेतकऱ्याचे शब्द जसेच्या तसे आहेत: "पावसाळ्यात विहीर भरली की मोटर चालू करायची, तळं भरून घ्यायचं. पावसाचं पाणी किती येतंय त्यात? काठ किती उंच झालाय बघा ना." त्याखाली मी कसंबसं चित्रही काढलंय: मध्ये खड्डा, खणलेली माती भोवती रचून केलेला काठ आणि आतून पसरलेला काळा कागद. गावात प्लॅस्टिकच्या अस्तराला सगळे "कागद"च म्हणतात.

म्हणजे माझ्या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्याच वाक्यातून गायब होती. शेततळं ही पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायची सोय. इथे मात्र ते विहिरीतून उपसलेल्या पाण्याची टाकी झालंय. "पाण्याची साठवणूक केली जाते" हे वाक्य या दोन्हींना सारखंच लागू पडतं. "केली जाते" म्हटलं की कोणी केली, कुठून केली, हे सांगावं लागत नाही, आणि सांगायचं राहिलंय हे लक्षातही येत नाही. कर्मणी प्रयोगाला मी आजवर फक्त कंटाळवाणा समजत होते.

"उच्च जलसाठवण क्षमता" याचंही तेच. उच्च म्हणजे किती? ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल शेततळं, बाजूंचा उतार १:१. वर ९०० चौरस मीटर, तळाशी २४ गुणिले २४ म्हणजे ५७६, मधल्या उंचीवर २७ गुणिले २७ म्हणजे ७२९. वरचं, तळाचं आणि मधल्याची चौपट यांची बेरीज खोलीनं गुणून सहानं भागली तर २,१९६ घनमीटर येतात. साधारण बावीस लाख लिटर. आकडा आला आणि विशेषणाची गरज संपली.

संध्याकाळपर्यंत परिच्छेद असा झाला:

"शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवून साठवण्याची आहे. अभ्यासलेल्या गावातील बहुतेक शेततळ्यांत मात्र प्लॅस्टिकचा कागद घातलेला आहे आणि त्यांचे काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहेत, त्यामुळे शिवारातून वाहणारे पाणी त्यांत येत नाही. पावसाळ्यात विहिरीला पाणी असते तेव्हा शेतकरी ते मोटारीने उपसून शेततळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात ठिबकने डाळिंबाला देतात. ३० मी. × ३० मी. × ३ मी. आकाराच्या शेततळ्यात, उतार १:१ धरल्यास, सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते."

"महत्त्वपूर्ण भूमिका बजावतात" याच्या जागी काहीच घातलं नाही. त्या वाक्यात शेततळ्याऐवजी "बँका" किंवा "अंगणवाड्या" घातलं तरी चालतं, म्हणजे ते शेततळ्याबद्दल नाहीच. एका परिच्छेदाला अख्खा दिवस गेला.

५ फेब्रुवारी

आज संशोधन पद्धतीचं प्रकरण. इथे वेगळीच पंचाईत. "मुलाखती घेण्यात आल्या", "निरीक्षण करण्यात आले", "प्रश्नावली तयार करण्यात आली", "माहितीचे संकलन करण्यात आले". एका पानात नऊ वेळा "-ण्यात आले". आणि "मी" लिहायची पद्धत आमच्या विभागात नाही. काही जण "संशोधकाने" लिहितात. मला ते दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटतं.

सरांना फोन केला तर म्हणाले, "कर्ता गाळ आणि क्रियापद साधं ठेव."

करून बघितलं: "जून ते ऑगस्ट या काळात २३ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येक शेततळ्याची लांबी, रुंदी आणि खोली टेपने मोजली." चालतं की! याचं कारण शोधायला शाळेतलं व्याकरण आठवावं लागलं. मराठीत भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे नाही, कर्माप्रमाणे बदलतं. "मुलाखती घेतल्या", "प्रश्नावली केली", "अंतर मोजलं". कर्ता मी असो, आम्ही असो की ती असो, क्रियापद तेच. म्हणून कर्ता गाळला तरी वाक्य लंगडं होत नाही. इंग्रजीत कर्ता गाळायचा तर वाक्य कर्मणी करावं लागतं, आणि तिथूनच ही "-ण्यात आल्या"ची रांग आलीय. आपल्याला तो वळसा घ्यायची गरजच नव्हती.

वर्तमानकाळात हे जमत नाही. "मुलाखती घेते" म्हटलं की कोण ते लगेच दिसतं. पण पद्धतीचं प्रकरण सगळं भूतकाळातच असतं, त्यामुळे निभावलं.

सगळे "-ण्यात आले" मात्र काढले नाहीत. "मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ मध्ये सुरू करण्यात आली" हे तसंच ठेवलं. योजना शासन सुरू करतं हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. इथे कर्ता लपत नाही, त्याला फक्त पुढे आणलेलं नाही. शाळेच्या सूचनाफलकावर, वर्तमानपत्रात हा प्रयोग रोज दिसतो आणि तिथे तो मराठीच वाटतो. ठरवलंय ते एवढंच: "कोणी?" विचारल्यावर उत्तर एका शब्दात आणि सगळ्यांना माहीत असलेलं येत असेल, तर राहू दे. उत्तरासाठी वही उघडावी लागत असेल, तर बदल.

७ फेब्रुवारी

आजचा दिवस फुकट.

"द्वारे" हा शब्द सगळीकडे खटकत होता: शेतकऱ्यांद्वारे, शासनाद्वारे, सर्वेक्षणाद्वारे, ठिबकद्वारे. हुशारी केली. फाइंड-रिप्लेस उघडून पूर्ण फाइलमधल्या "द्वारे"च्या जागी "ने" घातलं आणि "सगळे बदला" दाबलं. एकशे काही बदल झाले म्हणून सांगितलं त्यानं, मी खूश.

मग वाचलं. "शासनाने योजना राबवली जाते." कर्ता सरळ झाला, क्रियापद कर्मणीच राहिलं, दोघांची फारकत. "शेतकऱ्यांने". "सर्वेक्षणाने असे दिसून आले", म्हणजे कानाला अर्धवट बरं, अर्धवट चूक. आणि दारणा धरणाच्या परिच्छेदात: "धरणाची ने उघडल्यावर नदीपात्रात पाणी सोडले जाते." तिथे द्वारे म्हणजे खरोखरचे दरवाजे होते.

बॅकअपमधून जुनी फाइल काढली. ५ तारखेचं कामही त्यात गेलं, ते पुन्हा टाइप केलं.

मग एकेक "द्वारे" हातानं पाहिलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं. माणूस असेल तर कर्ता करून क्रियापद बदलायचं: "शासन योजना राबवते". साधन असेल तर "ने": "ठिबकने". माहितीचा मार्ग असेल तर "वरून" किंवा "तून": "सर्वेक्षणातून असे दिसले". एका जागी तर शब्द काढून टाकला तरी चाललं. इंग्रजीतला एक शब्द मराठीत चार ठिकाणी जातो, आणि प्रोग्रॅमनं त्या चारही ठिकाणी एकच खुंटी ठोकली होती.

१० फेब्रुवारी

रूममेटला तिसरं प्रकरण मोठ्यानं वाचायला लावलं. मी शेजारी पेन्सिल घेऊन. अट एवढीच की अडखळली तर थांबायचं नाही, पुढे वाचत राहायचं. जिथे ती अडली किंवा मागे जाऊन परत वाचलं, तिथे समासात रेघ ओढली. स्वतः वाचलं तर हे होत नाही, कारण आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्याला आधीच माहीत असतं.

रेघा मोजल्या तर अर्ध्याहून जास्त "जे"पाशी होत्या. "असे शेतकरी, जे ठिबक सिंचनाचा वापर करतात, त्यांना कमी पाणी लागते." ती "शेतकरी"पाशी थांबते, मग "जे" येतं, आणि वाक्य पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं. मराठीत विशेषण नावाच्या आधी येतं: "ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्यांना कमी पाणी लागते." किंवा जो-तोची जोडी लावायची असेल तर "जे" आधी हवं: "जे शेतकरी ठिबक वापरतात त्यांना कमी पाणी लागते." दोन्ही बरोबर. पहिलं आटोपशीर, दुसरं फरक ठासून सांगायचा असेल तेव्हा.

उत्साहाच्या भरात सगळेच "जे" आत ढकलले, तेव्हा हे तयार झालं: "२०१८ मध्ये अनुदान घेऊन खोदलेल्या व नंतर स्वखर्चाने कागद घातलेल्या शेततळ्यांच्या बारमाही विहीर असलेल्या मालकांनी डाळिंबाची लागवड वाढवली आहे." रूममेट इथे अडखळली नाही, सरळ हसायला लागली. "मालक येईपर्यंत माझा श्वास संपला," म्हणाली.

मोडून दोन वाक्यं केली: "काही शेतकऱ्यांनी २०१८ मध्ये अनुदान घेऊन शेततळे खोदले आणि नंतर स्वखर्चाने त्यात कागद घातला. यांपैकी ज्यांची विहीर बारमाही आहे, त्यांनी डाळिंबाची लागवड वाढवली आहे." आता एका नावापुढे "-लेला" किंवा "-णारा" एकदाच. दुसरा आला की वाक्य तोडायचं.

१२ फेब्रुवारी

थोडंच काम. याव्यतिरिक्त, तथापि, परिणामी, शिवाय. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एक आणि पुढे स्वल्पविराम. हे जोडशब्द मराठीत नाहीत असं नाही, पण आपण बहुतेकदा वाक्य आतून जोडतो. "तथापि, लहान शेतकऱ्यांना याचा लाभ मिळाला नाही" याचं "लहान शेतकऱ्यांना मात्र हा लाभ मिळाला नाही" केलं. "याव्यतिरिक्त, महिलांनी देखील" याचं "महिलांनीही". बाकीचे नुसते खोडले; वाक्यं शेजारी शेजारी असली की संबंध आपोआप कळतो. जिथे कळला नाही तिथे मुळात संबंधच नव्हता, अशी दोन ठिकाणं सापडली.

उलट एक गोष्ट वाढवली: पुनरुक्ती. प्रोग्रॅमनं शेततळ्याला कुठे "जलकुंड", कुठे "जलाशय", कुठे "कृषी तलाव" केलं होतं. शाळेत निबंधाला तोच शब्द परत आला की गुण जायचे. इथे चार शब्द म्हणजे वाचणाऱ्याला चार वस्तू. सगळीकडे "शेततळे" केलं.

१५ फेब्रुवारी

नैसर्गिक करण्याच्या नादात दोन घोळ घातले. आज सरांनी दोन्ही पकडले.

पहिला ढोबळ. मी "असतं, होतं, दिसलं" अशी रूपं लघुप्रबंधात लिहायला लागले होते, जशी या नोंदीत लिहितेय. आणि एके ठिकाणी "टँकरवर बागा जगवताना शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात". सर म्हणाले, "वाक्प्रचार सुरेख आहे, पण नाकी नऊ म्हणजे किती टँकर आणि किती पैसे?" रूपं "असते, होते, दिसले" केली. लेखी मराठीतला तो एकार काढला की वाक्य नैसर्गिक होत नाही, फक्त गप्पांचं होतं. ताठरपणा तिथे नव्हताच.

दुसरा घोळ गंभीर. मूळ वाक्य असं होतं: "शेततळ्यांच्या संख्येतील वाढ व विहिरींच्या पातळीतील घट यांमध्ये संबंध असल्याचे उत्तरदात्यांकडून सूचित करण्यात आले." भयंकर वाक्य. मी झटकन केलं: "शेततळ्यांमुळे विहिरींची पातळी खालावली आहे." छोटं, सरळ, कर्ता स्पष्ट. आणि खोटं. निदान मला सिद्ध करता न येणारं. मी एकाही विहिरीची पातळी मोजलेली नाही. शेतकऱ्यांनी सांगितलं ते ऐकलंय.

त्या जड वाक्यात "उत्तरदात्यांकडून सूचित" हे दोन शब्द खरं काम करत होते आणि मी ते अडगळ म्हणून टाकले. पुन्हा वही. आता वाक्य असं आहे: "शेजारच्या शेततळ्यात पाणी भरायला सुरुवात झाली की आपल्या विहिरीचे पाणी लवकर खाली जाते, असे ९ शेतकऱ्यांनी सांगितले. विहिरींची पातळी या अभ्यासात मोजलेली नाही, त्यामुळे हा संबंध केवळ त्यांच्या अनुभवावर आधारलेला आहे." मूळ वाक्यापेक्षा लांब झालं, पण चालेल.

यानंतर प्रत्येक बदललेलं वाक्य जुन्याशेजारी ठेवून एकच गोष्ट बघितली: नवं वाक्य जुन्यापेक्षा जास्त काही म्हणतंय का? "शक्यता आहे", "काही", "यांच्या मते", "आढळलेल्या ठिकाणी" यांपैकी काही गळलंय का? चौथ्या प्रकरणात अशी पाच ठिकाणं निघाली. पाचही मी खूश होऊन केलेली वाक्यं होती.

१९ फेब्रुवारी

ऋणनिर्देशात दोन ओळी घातल्या: पहिला खर्डा इंग्रजी टिपणांच्या यांत्रिक भाषांतरावर आधारलेला होता, नंतर तो पूर्ण पुन्हा लिहिला. सरांनी "पूर्ण" खोडलं. दुसऱ्या प्रकरणातल्या योजनेच्या माहितीची काही वाक्यं अजून जवळपास तशीच आहेत, हे त्यांच्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं.

२२ फेब्रुवारी

दुसरं प्रकरण पुन्हा आलं. यावेळी "कोणी?" एकदाही नाही. ४ तारखेच्या परिच्छेदात मात्र "बहुतेक शेततळ्यांत" याखाली रेघ आणि समासात नवा शब्द: "किती?"

वहीत मोजलं. तेवीसपैकी अठरा शेततळ्यांत कागद आहे, तिघांत नाही. दोघांच्या पानावर मी लांबी-रुंदी लिहिलीय, विहिरीची खोली लिहिलीय, मोटार किती एचपीची तेही लिहिलंय, पण कागद आहे की नाही ते लिहिलेलं नाही. त्या दोघांचे नंबर आहेत. आज उशीर झाला, रब्बीचा कांदा शेतात आहे, माणसं दमलेली असणार. उद्या सकाळी फोन करायचा.